आलेखाचं चित्र मोजायचं की पानातला आकडाच उचलायचा?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर 10 किलोवॉटचं सोलर आहे. इन्व्हर्टरच्या पोर्टलवर रोजचा आलेख दिसतो: सकाळी वर चढणारी, दुपारी टेकडीसारखी फुगणारी आणि संध्याकाळी उतरणारी रेघ. आकडे मात्र डाउनलोड करता येत नाहीत. सोय बहुधा वरच्या प्लॅनमध्ये असावी, मी त्या वाटेला गेलो नाही. हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी दोन्ही मार्गांनी गेलो. आधी चार-पाच महिने स्क्रीनशॉट काढून चित्रावरून आकडे मोजले, मग पानातल्या आलेखाच्या ऑब्जेक्टमधूनच ते उचलायला लागलो. तुमच्यासमोर हाच प्रश्न असेल तर माझा अनुभव सांगतो. तुमचं पोर्टल वेगळं असेल, तेव्हा थोडं इकडेतिकडे होईल.

चित्राच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. अंकित रोहतगी यांचं वेबप्लॉटडिजिटायझर वापरलं असेल तर पद्धत माहीतच असेल. आडव्या आणि उभ्या अक्षावर प्रत्येकी दोन ओळखीच्या जागा दाखवायच्या, रेघेचा रंग निवडायचा, बाकी काम ते करतं. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये 24 तास 720 पिक्सेलमध्ये बसत होते, म्हणजे एका पिक्सेलला दोन मिनिटं. उंचीला 12 किलोवॉटसाठी 300 पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल 40 वॉटचा. रेघ दोन-तीन पिक्सेल जाड असली तरी टूल तिचा मध्य पकडतं. अशा आकड्यांवरून दिवसाची बेरीज केली की ती बहुतेक दिवशी मीटरच्या आसपासच येई. तेव्हा ‘चित्रावरून अचूक येत नाही’ हे कारण मला तरी पटत नाही. महिन्याचा ढोबळ अंदाज हवा असेल, तर चित्र पुरतं.

त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला.

मे महिन्यातला एक दिवस. आलेखात 11:35 ला 7.9 किलोवॉट आणि तिथून एक सरळ उतार, 12:20 ला 3.1. मग रेघ पुन्हा वर. ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांना फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, “ढग आला असेल हो साहेब, मे आहे.” मला ते पटलंही, रेघ तशीच दिसत होती. चित्रावरून दिवसाची बेरीज आली 46.4 युनिट. आदल्या संध्याकाळच्या आणि त्या संध्याकाळच्या जनरेशन मीटरच्या रीडिंगमधला फरक मात्र 42.8. रोज दीड-दोन टक्क्यांत जमणारा हिशेब त्या दिवशी साडेतीन युनिटांनी हुकला. मी दोनदा पुन्हा अक्ष जुळवले, रंग बदलून पाहिला. आकडा दशांशात हलला, फरक तसाच राहिला.

शेवटी पोर्टल उघडलं, ब्राउझरचा कन्सोल काढला आणि दोन ओळी टाकल्या. पोर्टल आलेख काढायला हायचार्ट्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतं, हे पानाच्या सोर्समध्ये दिसलं होतं. हायचार्ट्स पानावरचे सगळे आलेख एका यादीत ठेवतं:

```js
const s = Highcharts.charts.find(c => c).series[0];
copy(s.options.data);
```

`find(c => c)` लिहिलंय ते एवढ्यासाठी की मोडून टाकलेल्या आलेखाची जागा त्या यादीत `undefined` म्हणून उरते. तारीख बदलून पाहिली की पहिली जागा रिकामी सापडण्याची शक्यता असते. `copy` हे क्रोमच्या कन्सोलचं आहे, आकडे थेट क्लिपबोर्डवर येतात.

आलेले आकडे पाहिले आणि डोक्यात प्रकाश पडला. 11:35 ला 7.9 होतं, 12:20 ला 3.1 होतं, आणि मधल्या 11:40 ते 12:15 या आठ नोंदींपुढे `null` होतं. त्या वेळात कुणी काही मोजलंच नव्हतं. उतार ढगाने आणलेला नव्हता, दोन ठिपके जोडायला आलेखाने ओढलेली ती रेघ होती. `s.options.connectNulls` विचारलं तर `true`. हायचार्ट्समध्ये ही सेटिंग मुळात बंद असते आणि रिकाम्या जागी रेघ तुटते. पोर्टलवाल्यांनी ती चालू केली असणार, रेघ सलग दिसावी म्हणून. चार्ट.जेएसमध्ये हेच `spanGaps` नावाने आहे, प्लॉटलीमध्ये `connectgaps`.

आता हिशेब. पाच मिनिटांच्या नोंदी, म्हणून किलोवॉटच्या बेरजेला 5/60 ने गुणलं की युनिट मिळतात. त्या खोट्या उतारावरच्या आठ आकड्यांची सरासरी 5.5, म्हणजे 44 गुणिले 5/60, जवळपास 3.7 युनिट. चित्रावरून मी ही 3.7 युनिट प्रामाणिकपणे ‘वाचली’ होती. `null` सोडून बेरीज केली तर 42.6, आणि मीटर 42.8.

इथे एक बारीक गोष्ट आहे. नुसतं वाय-फाय गेलं असतं तर नोंदी रिकाम्या राहिल्या असत्या, पण वीज तयार होत राहिली असती आणि मीटर माझ्या बेरजेच्या बराच पुढे गेला असता. तो जुळला, म्हणजे त्या पाऊण तासात वीजनिर्मितीच थांबली होती. शोधाशोध केल्यावर गच्चीवरच्या एसी बॉक्समधला न्यूट्रलचा स्क्रू ढिला निघाला. भर दुपारी तापला की संपर्क सुटायचा, निवला की पुन्हा जुळायचा. राउटरची लाइन त्याच बॉक्समधून घेतलेली, म्हणून नोंदीही त्याच वेळी बंद. चित्राने मला हे कधीच सांगितलं नसतं. मोजलेली रेघ आणि नुसती जोडलेली रेघ दोन्ही त्याच निळ्या रंगाच्या, त्याच जाडीच्या. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पण ऑब्जेक्टकडे वळलात तर तिथेही सगळं सरळ नाही, हे सांगायला हवं. पहिल्या दिवशी माझ्या शीटमध्ये सूर्य रात्री साडेबाराला उगवला. हायचार्ट्स वेळ मिलिसेकंदांत ठेवतं आणि मी ती `toISOString` ने लिहून घेतली, म्हणजे यूटीसीमध्ये. आपले साडेपाच तास गळाले. सगळीकडे साडेपाच मिळवले की झालं, असंही नाही. काही पोर्टलं आपली घड्याळातली वेळच यूटीसी म्हणून भरतात. तिथे तुम्ही स्थानिक वेळेत बदललंत तर सूर्य साडेअकराला उगवतो. सोलरवाल्यांना निदान सूर्य खूण दाखवतो. तुमचा आलेख दुसऱ्या कशाचा असेल तर एका ठिपक्यावर माउस नेऊन टूलटिपमधली वेळ आणि आकडा शीटमधल्या ओळीशी ताडून घ्या. दिवस बदलून पुढचा आलेख आणलात तरी हे एकदा करावं, म्हणजे जुनाच डेटा हातात येत नाही.

दुसरं, `s.options.data` च्या ऐवजी `s.points` घ्यायचा मोह होतो, नावावरून तेच बरोबर वाटतं. दिवसाच्या आलेखात मला फरक दिसला नाही. महिन्याच्या आलेखात पोर्टल हायचार्ट्स स्टॉक वापरतं, आणि तिथे नोंदी फार झाल्या की लायब्ररी त्यांचे गट करून रेघेसाठी सरासरी काढते. `points` मध्ये ती सरासरी मिळते. शिवाय गटातल्या काही नोंदी रिकाम्या असतील तर उरलेल्यांचीच सरासरी निघते, म्हणजे ज्या रिकाम्या जागेसाठी एवढा खटाटोप केला तीच पुन्हा झाकली जाते. म्हणून मूळ यादीच घ्यावी.

तिसरं, प्रत्येक वेळी `null` मिळेलच असं नाही. काही पोर्टलं नोंद नसेल तर ती ओळच गाळतात. मग `connectNulls` बंद असूनही रेघ जोडलेली दिसते, कारण लायब्ररीच्या दृष्टीने तिथे रिकामं काही नसतंच. लागोपाठच्या दोन वेळांमधला फरक काढला की हे कळतं. पाच मिनिटांच्या जागी पन्नास दिसली की समजायचं.

आणि कधीकधी दारच उघडत नाही. `Highcharts is not defined` आलं तर आधी कन्सोलच्या वरच्या बाजूला `top` लिहिलेली यादी बघा, आलेख आयफ्रेममध्ये असेल तर तिथून ती फ्रेम निवडावी लागते. तरीही नाही जमलं तर लायब्ररी पानाच्या बंडलमध्ये गुंडाळलेली असते आणि बाहेरून नावाने सापडत नाही. मग नेटवर्क टॅबमध्ये आलेखासाठी आलेला जेसन शोधणं बरं. आणखी एक, पानावर जे पाठवलं तेवढंच ऑब्जेक्टमध्ये असतं. सर्व्हरनेच आकडे एका दशांशावर आणून पाठवले असतील तर तुम्हालाही तेवढेच मिळणार. हे सगळं मी सोसायटीच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये, स्वतःच्या आकड्यांसाठी करतो. दुसऱ्याच्या साइटवरून करणार असाल तर त्यांच्या अटी आधी वाचा.

तर कुणी काय घ्यावं? आलेख पीडीएफमध्ये, छापील अहवालात किंवा सर्व्हरवरून पीएनजी म्हणून येत असेल तर प्रश्नच नाही, चित्रच मोजावं लागेल. वर्षातून एकदा, एका आलेखासाठी कन्सोलशी झगडायचं नसेल तरीही चित्र चालेल. पण पानावर जिवंत आलेख आहे, त्यावर माउस नेला की आकडा दिसतो, आणि ते आकडे कुणाशी भांडायला वापरायचे आहेत, तर माझा कल ऑब्जेक्टकडे. बसवणाऱ्यांना मी नंतर त्या आठ ओळी पाठवल्या, तेव्हा ढगाचा विषय पुन्हा निघाला नाही.

चित्र मात्र मी पूर्ण सोडलेलं नाही. पहिल्या वर्षाचे आकडे पोर्टलवर आता उरले नाहीत, फक्त महिन्याचे पीडीएफ अहवाल आहेत. ते वेबप्लॉटडिजिटायझरमध्येच घालतो. त्यातले काही उतार संशयास्पद सरळ आहेत, पण ते मोजलेले की जोडलेले हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवसांच्या बेरजेपुढे शीटमध्ये मी ‘अंदाजे’ लिहून ठेवलंय.