एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसचा डेटाबेस भरला: साफसफाई, नवी आवृत्ती की स्टँडर्ड?

मसजिद बंदरच्या एखाद्या घाऊक पेढीत भर दुपारी बिल सेव्ह व्हायचं बंद होतं. जुनी बिलं दिसतात, रिपोर्ट निघतात, डिस्कवर जागाही भरपूर असते. एरर लॉगमध्ये 1105 च्या जोडीला 1827 हा क्रमांक असेल, तर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसची मर्यादा संपली आहे. 2008 आर2 पासून 2022 पर्यंतच्या आवृत्त्यांत ती दर डेटाबेसला 10 जीबी आहे. ती फक्त डेटा फाइलला लागू असते. लॉग फाइल त्यात धरत नाहीत, त्यामुळे लॉग श्रिंक करून काही साधत नाही.

कुठलाही पर्याय निवडण्याआधी जागा कोणी खाल्ली ते बघा. मॅनेजमेंट स्टुडिओत डेटाबेसवर राइट क्लिक करून `Disk Usage by Top Tables` हा रिपोर्ट काढा. समजा त्यात बिलांची टेबलं दीड जीबी, ऑडिट लॉग अडीच आणि बिलांच्या पीडीएफ प्रती साठवणारं टेबल साडेपाच जीबी निघालं. मग बिलिंग सुरू करायला आज ऑडिट लॉगची साफसफाईच बरी. आधी बॅकअप घ्या, मग थोड्या थोड्या ओळी काढा:

```sql
DELETE TOP (5000) FROM dbo.AuditLog
WHERE LogDate < '20240401';
```

ओळी संपेपर्यंत हे पुन्हा चालवायचं. फाइल श्रिंक करू नका, मोकळी झालेली जागा नव्या बिलांना तशीच मिळते. टेबलाला क्लस्टर्ड इंडेक्स नसेल तर मात्र ओळी जाऊनही जागा सुटत नाही. तेव्हा `WITH (TABLOCK)` जोडा, पण हे दुकान बंद झाल्यावर करा. मूळ बिलांना हात लावू नका, जीएसटीसाठी ती वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीनंतर 72 महिने जपावी लागतात.

पीडीएफ वाढतच राहणार, म्हणून खरी निवड पुढे आहे. सॉफ्टवेअरवाला त्या प्रती फोल्डरमध्ये ठेवायला तयार असेल, तर मी तोच मार्ग धरेन. डेटाबेस एका झटक्यात निम्म्याहून कमी होतो. फक्त फोल्डरचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. पेज कॉम्प्रेशन एक्स्प्रेसमध्ये 2016 एसपी 1 पासून फुकट आहे, पण वेगळ्या पानांवर साठलेल्या पीडीएफवर ते चालत नाही.

सॉफ्टवेअरवाला तयार नसेल, तर 2025 ची एक्स्प्रेस बघा. तिची मर्यादा 50 जीबी आहे आणि तीही फुकट आहे. सॉफ्टवेअर तिच्यावर चालतं का, हे आधी दुसऱ्या मशीनवर बॅकअप रिस्टोअर करून तपासा, कारण 2025 चा बॅकअप जुन्या आवृत्तीत परत उतरत नाही.

जुनी वर्षं दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवणं फुकटच आहे, पण दोन डेटाबेसमध्ये फॉरेन की चालत नाही आणि प्रत्येक रिपोर्ट बदलावा लागतो. छोट्या पेढीला मी हे सुचवणार नाही. डेव्हलपर एडिशनला मर्यादा नाही, पण धंद्याच्या कामाला तिचा परवानाच नाही. स्टँडर्डचे पैसे फक्त जागेसाठी मोजू नका. एक्स्प्रेसचा बफर पूल 1,410 एमबीवर थांबतो. वर्षभराचा लेजर काढताना बिलिंगची खिडकीही अडकत असेल आणि इंडेक्स तपासूनही फरक पडत नसेल, तर स्टँडर्डचं कोटेशन मागवा.