भांगाला सनस्क्रीन: स्प्रे घ्यावा, पावडर की स्टिक?

भांग उन्हाने भाजलाय हे बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कंगवा फिरवताना कळतं, दात टेकले की चरचरतं. मग चारपाच दिवसांनी तिथून पापुद्रे सुटायला लागतात आणि लोक त्याला कोंडा समजून कोंड्याचा शाम्पू चोळत बसतात, ज्याने ती जागा अजूनच कोरडी होते. ओळखायचं सोपं आहे: कोंडा डोकंभर विखुरलेला असतो, हे पापुद्रे फक्त भांगाच्या रेषेवर असतात, पातळ आणि जरा मोठे, आणि खालची कातडी हुळहुळी असते.

तर डोक्यासाठी म्हणून जे वेगळे सनस्क्रीन मिळतात त्यात तीन प्रकार आहेत आणि तिन्हींवर "चिकट नाही, केस खराब होत नाहीत" असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे डब्यावरचं वाचून ठरवता येत नाही. मी एकच डोकं समोर धरून बोलते: मधोमध भांग, केस मध्यम दाट, दुपारपर्यंत मुळं तेलकट होणारी, आणि बाहेर दोनतीन तास ऊन. टक्कल किंवा विरळ केसांचं गणित वेगळं आहे, ते स्टिकच्या वेळी येईलच.

आधी किती लागतं ते बघू, कारण तिन्हींतला खरा फरक तिथेच आहे. एसपीएफचा आकडा काढतात तेव्हा दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम सनस्क्रीन लावून काढतात. आपला भांग साधारण 15 सेंटीमीटर लांब, आणि उघडी कातडी आजूबाजूच्या मुळांसकट 1 सेंटीमीटर रुंद धरली तर 15 चौरस सेंटीमीटर, म्हणजे 30 मिलिग्रॅम. अगदी चिमूटभर! पण ते कातडीवर पोचायला हवं, केसांवर नाही, आणि सगळी गोची इथेच आहे. निम्मंच पोचलं तर डब्यावरचा 30 हा 30 राहत नाही, निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो.

स्प्रेपासून सुरू करू. यात दोन जाती आहेत, पंप दाबून उडणारा आणि गॅस भरलेला एरोसोल. पंपवाल्यात एका दाबाला साधारण 0.1 मिली बाहेर येतं, म्हणजे ढोबळ 100 मिलिग्रॅम, ऐकायला भरपूर वाटतं. पण बाटली एक वीत लांब धरली आणि फवारा 8 सेंटीमीटरच्या गोलात पसरला तर त्या गोलाचं क्षेत्रफळ होतं 50 चौरस सेंटीमीटर आणि त्यातून जाणारी भांगाची पट्टी जेमतेम 8, म्हणजे 100 पैकी 16 मिलिग्रॅम पट्टीच्या वाट्याला आणि उरलेलं सगळं केसांवर. गंमत म्हणजे 8 चौरस सेंटीमीटरला 16 मिलिग्रॅम हे बरोबर हवं तेवढंच माप आहे, म्हणजे कागदावर पुढे एक दाब, मागे एक दाब, झालं काम. प्रत्यक्षात कडेचे केस भांगावर झुकलेले असतात, थोडं हवेत उडतं, फवारा सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून मी दुप्पट धरते: चार दाब. बारीक नोझलची बाटली असेल तर तीनचार बोटं अंतरावरून मारा, मग केसांवर कमी जातं आणि केस पापड झाल्यासारखे कडकही होत नाहीत. आणि मारल्यावर बोटाच्या टोकाने भांगावरून एकदा फिरवायचं, ही पायरी सगळे गाळतात, पण थेंबथेंब पडलेलं सनस्क्रीन त्यानेच सलग होतं. बोट ओलसर लागलं नाही तर समजायचं की केसांनीच पिऊन टाकलं.

स्प्रेचे तोटेही आहेत. बहुतेकांत अल्कोहोल असतं, त्यामुळे पटकन वाळतं हा फायदा, पण डोक्यात खाजवून ओरखडे असतील तर झोंबतं, आणि पूर्ण वाळेपर्यंत स्ट्रेटनर, सिगारेट, गॅसची शेगडी यांच्या जवळपास जायचं नाही, पेट घेतं. घाम आला की ते कपाळावरून डोळ्यात उतरतं आणि मग डोळे चोळत बसा. म्हणून कपाळावर आडवा तळहात धरून मारायचं आणि तेवढा वेळ श्वास धरायचा.

एरोसोलबद्दल माझं मत जरा कडकच आहे. ढग मोठा होतो, भांगासारख्या अरुंद जागेसाठी तो फुकट जातो आणि नाकात मात्र जातो. शिवाय 2022 च्या जुलैमध्ये अमेरिकेत बनाना बोटच्या हेअर अँड स्काल्प स्प्रे एसपीएफ 30 च्या काही बॅचेस कंपनीने परत मागवल्या, कारण त्यात थोडं बेंझीन, म्हणजे कॅन्सरला कारण ठरू शकणारं रसायन, सापडलं, आणि ते सनस्क्रीनच्या घटकांतून नाही तर डब्यातून फवारा बाहेर ढकलणाऱ्या गॅसमधून आलेलं होतं. म्हणून सगळे एरोसोल वाईट असं नाही, पण पंपवाला मिळत असताना भांगासाठी गॅसच्या डब्याच्या भानगडीत कशाला पडायचं.

आता पावडर. ही सगळ्यात जास्त आवडते लोकांना आणि का ते कळतं, कारण मुळांजवळचं तेल शोषते, केस फुगलेले दिसतात, हात खराब होत नाहीत, बॅगेत सांडायला काही नाही. आत बहुतेक वेळा झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, त्यामुळे डोळ्यात उतरून झोंबण्याचा त्रासही कमी. अडचण एकच आहे पण ती मोठी आहे: पुरेशी लागत नाही. 30 मिलिग्रॅम पावडर कोरड्या कातडीवर बसवायची म्हटलं तर ती बसतच नाही, आधी केसांच्या मुळांना धरते, उरलेली उडते. आपण ब्रश दोनदा फिरवतो, भांग जरा मॅट दिसला की थांबतो, कारण त्याच्यापुढे ती दिसायला लागते आणि काळ्या केसांत राखाडी रेघ उमटते.

खात्री करायची असेल तर 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, दागिने मोजायला वापरतात तसला. लावायच्या आधी डबी ठेवून वजन बघा, नेहमीसारखं लावा, परत ठेवा. आपल्याला हवेत 0.03 ग्रॅम, निम्मी पावडर केसांवर गेली असं धरलं तर 0.06 कमी व्हायला हवेत. आकडा 0.01 ने हलला किंवा हललाच नाही तर तुम्ही भांगाला रंग दिलाय, सनस्क्रीन नाही. एवढ्या कमी वजनात काटा थोडा इकडेतिकडे दाखवतो, म्हणून सलग पाच दिवसांचं एकत्र वजन करून पाचाने भागलं तर बरं. पंपची बाटलीही अशीच तपासता येते, तुमच्या बाटलीतून एका दाबाला नक्की किती येतं ते दहा दाबांच्या वजनावरून लगेच कळतं.

म्हणजे पावडर टाकाऊ आहे का, तर नाही. सकाळी खाली काहीतरी ओलं लावलेलं असेल तर दोन तासांनी वरून मारायला पावडरीसारखं दुसरं काही नाही, आणि तोवर मुळं जरा तेलकट झालेली असतात त्यामुळे ती धरतेही छान. एकटी, पहिला थर म्हणून, तीन तासांच्या उन्हात, यावर मी भरवसा ठेवणार नाही. घेताना रंग कातडीला जुळणारा घ्या. दाबून फुस्स करणाऱ्या डबीपेक्षा ब्रशवाली बरी, कमी उडते, कारण ही बारीक धूळ श्वासातून आत जाणं चांगलं नाही, दमा असेल तर पावडर आणि एरोसोल दोन्ही सोडाच. आणि एक खबरदारी: पांढरे केस किंवा रुंद भांग झाकायच्या ज्या पावडरी असतात त्या दिसायला हुबेहूब अशाच असतात, पण डबीवर एसपीएफचा आकडा नसेल तर ते सनस्क्रीन नाही.

स्टिकचं काय? भांगासाठी स्टिक म्हणजे सरळ सांगायचं तर गैरसोय. तिचं तोंड दोनतीन सेंटीमीटर रुंद, भांग एक, त्यामुळे थेट फिरवली की दोन्ही बाजूच्या केसांना मेण आणि तेल लागतं, केस चपट्या बटांमध्ये चिकटतात आणि स्टिकवर तुटके केस अडकून बसतात. अगदी लावायचीच असेल तर स्टिक बोटावर घासायची आणि बोटाने भांगावर थोपटत न्यायची, कपाळापासून मागे. एवढं करायचं तर मग चेहऱ्याचं पातळ सनस्क्रीनच बोटाच्या टोकाने लावलेलं काय वाईट, आणि खरंच वाईट नाही, डोकं जरा तेलकट दिसतं इतकंच.

पण जिथे केस नाहीत तिथे स्टिक दोघांनाही मागे टाकते. टाळूवर 10 सेंटीमीटरचा गोल उघडा पडला असेल तर ते जवळपास 80 चौरस सेंटीमीटर झाले, म्हणजे 160 मिलिग्रॅम लागणार. पावडरीने तेवढं होणं अवघड, स्टिक मात्र एकाच जागेवरून चारपाच वेळा पुढेमागे फिरवली की जाड थर बसतो, हवेत उडत नाही, नाकात जात नाही, आणि मेणामुळे घामात त्यातल्या त्यात टिकते. कपाळाची मागे सरकलेली केसांची कड, कानांचे शेंडे, मानेवर केस संपतात ती जागा, सगळीकडे तीच. केस विरळ आहेत पण पूर्ण गेलेले नाहीत अशांना मात्र परत पंप स्प्रेच बरा, कारण स्टिकने उरलेले केस चिकटून टक्कल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि ते कोणालाच नको असतं.

तर आपल्या त्या मधल्या भांगाच्या डोक्याला मी काय देईन: निघायच्या पंधरावीस मिनिटं आधी पंप स्प्रेचे चार दाब, बोट फिरवून, आणि दोन तासांनी ब्रशने पावडर. एकच वस्तू घ्यायची असेल तर पंप. पोहायला जायचं असेल तर पावडर घरीच ठेवा आणि स्प्रेवर पाण्यात 40 की 80 मिनिटं टिकतो असं लिहिलंय ते बघा, काहीच लिहिलं नसेल तर टिकत नाही असंच धरायचं. टोपी घालणार असाल तर हे सगळं वाचायची गरज नव्हती, पण सगळीकडे टोपी घालता येत नाही. भांग रोज इकडचा तिकडे करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की नवीन जागेची कातडी ऊन न लागलेली असते, ती लवकर भाजते, त्यामुळे भांग बदलला की सनस्क्रीनही तिथे गेलं पाहिजे.

रात्री काढायचं म्हटलं तर स्प्रे साध्या एका शाम्पूत जातो. पावडर आधी कोरड्या केसांतच ब्रशने झटकायची, थेट पाणी घातलं तर झिंकचा लगदा होऊन मुळांशी बसतो आणि दुसऱ्या दिवशी परत कोंड्यासारखं दिसतं. स्टिकचं मेण शाम्पूला दाद देत नाही, त्या जागी आधी दोन थेंब तेल चोळून पाच मिनिटं थांबायचं आणि मग शाम्पू, तोही आधी जेमतेम ओल्या डोक्यावर.