बांधीव वही की सुटी पानं?

नव्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात ज्युनिअर्स हमखास विचारतात, की नोट्स वहीत काढू की सुट्या पानांवर. दोन्ही करून पाहिलंय, म्हणून आज सगळ्यांना एकदमच सांगतो.

पहिली चार सेमिस्टर मी वहीवालाच होतो. वहीची पानं उलटीसुलटी होत नाहीत, आणि उघडली की लिहायला सुरुवात. लॅबची नोंदवही तर बांधीवच हवी; तिथे तारखेच्या क्रमाने, एकही पान न काढता लिहिणं हाच मुद्दा असतो. गणितातही, जिथे उदाहरणामागून उदाहरण सोडवत जायचं असतं, मला वहीने कधी त्रास दिला नाही.

बिनसलं ते डेटाबेसच्या विषयात. सातव्या आठवड्यात थर्ड नॉर्मल फॉर्म, म्हणजे तक्ते कसे मांडावेत याचा एक नियम, झाला, मी व्याख्या लिहिली, आणि लगेच खालच्या ओळीपासून पुढचा विषय सुरू झाला. अकराव्या आठवड्यात उदाहरणं सोडवताना सर मागे वळले. R(A, B, C) असा तक्ता घेतला, त्यात AB → C आणि C → B, म्हणजे A आणि B मिळून C ठरवतात आणि C एकटा B ठरवतो. ज्या रकान्यांवरून अख्खी ओळ ठरते ती ‘की’. इथे AB ही की आहे आणि AC सुद्धा, म्हणजे तिन्ही रकाने कुठल्या ना कुठल्या कीमध्ये येतात. त्यामुळे थर्ड नॉर्मल फॉर्म पाळला जातो. पण C एकटा की नसूनही B ठरवतो, म्हणून बीसीएनएफ हा त्याहून कडक फॉर्म मात्र मोडतो. या दोन फॉर्ममधला फरक मला पहिल्यांदा कळला तो याच उदाहरणाने, आणि ते उतरलं व्याख्येपासून चाळीसेक पानं पुढे. व्याख्येशेजारी जागाच नव्हती. मी समासात ‘पुढे पाहा’ लिहिलं. पुढे म्हणजे कुठे, ते लिहिलं नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री व्याख्येचं पान वाचलं, मान डोलावली आणि पुढे गेलो. पेपरात नेमका हाच फरक विचारला होता. आता हा दोष वहीचा की माझा, यावर वाद घालता येईल. पण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला: वही शिकवण्याच्या क्रमाने भरते आणि आपण वाचतो विषयाच्या क्रमाने.

सुट्या पानांवर तेच उदाहरण व्याख्येच्या मागे जाऊन बसतं. मी प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात विषय, प्रकरण आणि पान लिहितो, खाली तारीख. व्याख्येचं पान ‘डेटाबेस ४.२’ असेल, तर उशिरा आलेलं उदाहरण ‘४.२क’. लिहायचं एकाच बाजूला. डावीकडे दोनेक इंच समास सोडतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची जुनी पद्धत आहे ती. लेक्चर चालू असताना समासात काही लिहायचं नाही. आठवड्याच्या शेवटी पानं फाइलला लावताना तिथे प्रश्न लिहायचा: ‘C → B असूनही थर्ड नॉर्मल फॉर्म का मोडत नाही?’ मग उजवी बाजू झाकून उत्तर द्यायचं. अडखळलो तर त्या पानाला खूण. प्रश्नच सुचला नाही, तर बहुधा मी ते पान न समजता उतरवलेलं असतं, आणि ते सोमवारी विचारता येतं, परीक्षेच्या आदल्या रात्री येत नाही.

सुट्या पानांचा जाचही कमी नाही. भोकं फाटतात. नंबर न टाकलेलं पान एकदा गठ्ठ्यात गेलं की तारखेवरूनच शोधावं लागतं. आणि मुख्य म्हणजे फाइल स्वतःहून लागत नाही. मला प्रत्येक विषयाला आठवड्याला साधारण वीस मिनिटं लागतात. दोन आठवडे चुकवले की बॅगेत रद्दी जमते आणि तिच्यापेक्षा वहीच बरी वाटायला लागते. दर आठवड्याला फाइल लावणं आपल्याच्याने होणार नाही असं वाटत असेल, तर वही घ्या, मी मनापासून सांगतोय.

लॅपटॉपचंही विचारतात. मधे हवं ते घुसवता येतं, हे खरं. माझं मात्र असं व्हायचं की मी सरांचं वाक्य न् वाक्य टाइप करायचो आणि संध्याकाळी ते मलाच परकं वाटायचं. आकृत्या काढताना तर मी मागेच पडायचो. तुमचं वेगळं होऊ शकेल.

आणि वहीच घेतलीत, तर लेक्चर फक्त उजव्या पानावर उतरवा. डावं पान सेमिस्टरभर कोरं ठेवा, उशिरा येणाऱ्या अशा उदाहरणांसाठी. पानांना नंबर पहिल्याच दिवशी टाका, म्हणजे ‘पुढे पाहा’ लिहिताना पुढे कुठे तेही लिहिता येईल.