फोन, गादी आणि दोन गोधड्या: निरूपणाच्या रेकॉर्डिंगसाठी सात महिने वापरल्यानंतर

खोली १० × १२ फुटांची. गुळगुळीत प्लास्टरच्या भिंती, खाली फरशी, एक खिडकी, एक कपाट. वेगळा माइक नाही, साधा फोन. एक कापसाची गादी, दोन जाड गोधड्या आणि एक घोंगडी एवढ्यावर सात महिने आठवड्याला दोन भाग रेकॉर्ड होत आहेत. आवाज स्वच्छ येतो. पण तो येण्यामागे गोधड्या किती आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत याचा वाटा मोठा आहे, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते.

निरूपणात घुमारा इतका जाणवतो, कारण बोलणं संथ असतं. रोजच्या बोलण्यात पुढचा शब्द मागच्या शब्दाची शेपटी झाकतो. इथे ओवीचा चरण संपला की दोन सेकंद थांबायचं असतं, आणि त्या शांततेत खोली ऐकू येते. पुढे आवाजाची पातळी सारखी करताना हळू भाग दहा-बारा डेसिबलनी वर उचलले जातात, त्यांच्याबरोबर घुमाराही वर येतो. खाली तानपुरा लावला तरी तो लपत नाही. थोडा घुमारा भक्तिरसाला शोभतो असं म्हणणारे भेटतात. मोठ्या सभामंडपातला घुमारा शोभतो हे खरंच. पण भिंत पाच फुटांवर असेल तर आवाज तिच्यावर आपटून साधारण नऊ मिलिसेकंदांत परत येतो. इतक्या लवकर आलेला आवाज सभामंडपासारखा लागत नाही, रिकाम्या खोलीसारखाच लागतो. सभामंडप नंतर सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो. रिकामी खोली नीट काढता येत नाही.

म्हणून गोधडीच्याही आधी अंतर. तोंडापासून माइकपर्यंत एक वीत ठेवा, त्याहून जास्त नको. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलनी वाढतो, खोलीचा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. हातभर अंतरावरून एका वितीवर येणं एवढ्यानंच अर्धं काम होतं. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो, तेव्हा ती कड तोंडाकडे हवी. स्क्रीनकडे बघून बोललेलं आणि स्टँडच्या पट्टीनं माइकचं छिद्र झाकलेलं रेकॉर्डिंग दबकं येतं, आणि दोष उगाच गोधडीला दिला जातो.

जवळ आलं की वेगळी अडचण येते. भक्ती, भाव, प्रभू, फळ या शब्दांतल्या भ-फ-प चा श्वास थेट माइकवर आदळून ‘धप्’ असा आवाज होतो. त्यासाठी फोन तोंडासमोर न ठेवता तीस-चाळीस अंश बाजूला आणि हनुवटीच्या पातळीवर ठेवा. श्वास समोरून निघून जातो, आवाज माइकला मिळतो. तळहात माइकच्या जागी धरून ‘भगवंत’ म्हणा. हाताला वारा लागला तर फोन अजून थोडा बाजूला न्या.

आता गाद्या. सगळे जण गोधडी फोनच्या मागे टांगतात. ती हवीच, कारण आवाज तोंडातून समोर जातो. पण समोरून निसटलेला आवाज खोलीभर फिरून पाठीमागच्या भिंतीवरून परत येतो आणि माइकवर पडतो. म्हणून गादी पाठीमागे उभी करा, डोक्याच्या वर किमान एक फूट जाईल अशी. समोर फोनच्या मागे दोन गोधड्या इंग्रजी V सारख्या कोनात, दोरीवर दुहेरी टाकून. भिंतीला चिकटवू नका, वीतभर मोकळी जागा सोडा. त्या पोकळीमुळे तेच कापड थोडे जाड सूरही शोषतं.

जाडीचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. शोषणाऱ्या थराची खोली ध्वनिलहरीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास गेली की तो चांगलं काम करतो. १००० हर्ट्झला हा हिस्सा सुमारे साडेआठ सेंटिमीटर, १५० हर्ट्झला सत्तावन्न. पातळ पडदा फक्त ‘स’ आणि ‘श’ ची धार खातो, खर्जाला हात लावत नाही. चारी बाजूंना नुसते पडदे लावले की आवाज मंद आणि गढूळ होतो, घुमारा मात्र उरतोच. चार पडद्यांपेक्षा एक गादी बरी.

डोक्यावरून पांघरूण घेऊन रेकॉर्ड करायचा सल्ला सर्रास मिळतो. एखाद्या ओळीसाठी ठीक. पण पांघरूण फक्त वरची धार खातं, पुरुषी आवाजाच्या पायाचा जाड सूर तसाच ठेवतं. ‘ओम्’ लांबवला की दबका ऐकू येतो. शिवाय गुदमरून श्वास तोकडा पडतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसणं याहून चांगलं.

टेबल हा दुर्लक्षित गुन्हेगार. तोंड आणि माइक दोन्ही टेबलापासून तीस सेंटिमीटर वर, एकमेकांपासून वीस सेंटिमीटरवर असतील, तर टेबलावरून येणारा आवाज त्रेचाळीस सेंटिमीटर जास्त अंतर कापून येतो आणि ४०० हर्ट्झच्या आसपासचा भाग कापतो. आवाज पोकळ लागतो. चार पदरी घोंगडी अंथरली की फरक लगेच कळतो. पोथीची ठवणीही अशीच कडक पाटी आहे. ती तोंड आणि फोन यांच्यामध्ये नको, फोनच्या पलीकडे डोळ्यांच्या उंचीवर हवी. मान खाली गेली की गळा दाबला जातो, आणि चरणाचा शेवट फोनऐवजी मांडीकडे जातो.

फोनच्या सेटिंगपैकी दोनच सांगतो. आपोआप गोंगाट कमी करणारी सोय बंद ठेवा, कारण ती हळू सोडलेला शेवटचा स्वर गोंगाट समजून कापते. आणि फाइल आवाजाचा दर्जा न घटवणारी घ्या: आयफोनच्या Voice Memos मध्ये Audio Quality ला Lossless, इतरत्र WAV. सर्वात मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान असावा.

तपासणी अशी करा. ‘तप’ हा शब्द तोडून म्हणा आणि तीन सेकंद गप्प राहा. ते रेकॉर्डिंग पंधरा डेसिबल वाढवून हेडफोनवर ऐका. या खोलीत गाद्यांविना शेपटी पाऊण सेकंदाच्या आसपास रेंगाळत होती. फक्त समोरच्या गोधड्यांनी ती किंचित कमी झाली, पाठीमागे गादी आल्यावर जवळपास निघून गेली. टाळीनंतर टणत्कार ऐकू आला, तर समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या आहेत. त्यातली एक झाकली तरी तो थांबतो.

या रचनेनं बाहेरचा आवाज मात्र अडत नाही. रहदारी आणि वरच्या मजल्यावरची पावलं गोधडीतून सरळ येतात. पंखा बंदच ठेवावा लागतो, आणि गादीच्या उबेत वीस मिनिटांनंतर आवाज थकलेला ऐकू येतो, तेव्हा पंधरा मिनिटांची बैठक पुरे. दोरी महिन्याभरात सैल होते, गोधडी चार बोटं खाली येते आणि वरची कड उघडी पडते. सगळ्यात त्रासदायक म्हणजे दोन दिवसांचे आवाज न जुळणं. कारण बहुधा दोन बोटांचा फरक असतो. फरशीवर आसनाची आणि स्टँडची जागा चिकटपट्टीनं आखून ठेवा, बसल्यावर वीत मापा, मागच्या भागाची दहा सेकंदं ऐका, मग सुरुवात करा. शेवटी अर्धा मिनिट न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा. चुकीची ओळ कापल्यावर तिथे हीच शांतता भरायची असते, नाहीतर मध्येच पोकळी पडल्यासारखं वाटतं.