उड्डाणपूल की सर्व्हिस रोड?

शहरात नव्याने गाडी चालवणाऱ्याचा गोंधळ बहुधा एकाच ठिकाणी उडतो: पुढे रस्ता दुभागतो, उजवीकडच्या लेन उड्डाणपुलावर चढतात आणि डावीकडची लेन सर्व्हिस रोडला मिळते. उड्डाणपूल जंक्शनच्या वरून जात असल्याने खालचा सिग्नल टळतो. मात्र एकदा चढल्यावर सहसा मध्येच उतरता येत नाही. समजा, पूल दोन चौक ओलांडतो आणि आपल्याला त्यांपैकी दुसऱ्या चौकात डावीकडे वळायचे आहे. अशा वेळी पुलावरून गेलेल्याला पुढे यू-टर्न घेऊन परतावे लागते आणि वाचलेला वेळ त्यातच खर्ची पडतो. सर्व्हिस रोडवर उभी वाहने, पादचारी आणि गल्लीतून अचानक येणाऱ्या दुचाक्या यांमुळे वेग कमी राहतो, पण प्रत्येक वळण हाताशी असते.

निवड दिशाफलक दिसताच करून तेव्हाच लेन बदलावी, कारण फाट्यावरच्या तिरप्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ऐनवेळी आडवे घुसणे सर्वांत धोक्याचे असते. वाट चुकलीच, तर पुढे जाऊन परतावे; पुलाच्या चढावर गाडी मागे घेऊ नये.

सरळ पुढे जाणाऱ्याला उड्डाणपूल, लगतच्या चौकात वळणाऱ्याला सर्व्हिस रोड आणि शहरात कामच नसलेल्याला बायपास सोयीचा.