शून्यांनी भरलेली फाइल आणि साडेचार हजारांची ‘रिकव्हरी’

पुण्यात प्रबंध जमा करायचे दिवस आले की एक प्रकार हमखास घडतो. पेन ड्राइव्हवरची वर्ड फाइल उघडत नाही, ‘फाइल करप्ट आहे’ असा संदेश येतो, आणि घाबरलेला विद्यार्थी जवळच्या ‘डेटा रिकव्हरी’च्या पाटीखाली जाऊन उभा राहतो. अशाच एका विद्यार्थिनीची फाइल पैसे गेल्यानंतर आमच्यापर्यंत पोचली. तिच्या परवानगीने, पण तिचे आणि दुकानाचे नाव न घेता, नेमकं काय घडलं ते इथे मांडतो आहोत. पैसे देण्याआधी पाच मिनिटांत करता येणारी एक तपासणी तिला माहीत असती, तर ती फसली नसती.

सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारी ही मुलगी प्रबंधाची फाइल थेट पेन ड्राइव्हवरच उघडून लिहायची. लॅपटॉपवर वेगळी प्रत नव्हती. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्याआधी तिने तिथल्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडली, समास नीट केला, सेव्ह केलं. मागे रांग होती म्हणून वर्ड बंद करून लगेच पेन ड्राइव्ह ओढून काढला. दुसऱ्या दुकानात बाइंडिंगचा नमुना दाखवायला फाइल उघडली, तर ती उघडेना. एक्सप्लोररमध्ये मात्र फाइल दिसत होती: नाव तेच, आकार 6.2 एमबी. ‘साइज आहे म्हणजे डेटा आहे’ हे वाक्य तिला दुकानदाराने ऐकवलं, आणि इथेच तिची दिशाभूल सुरू झाली.

साइज असली म्हणजे मजकूर असतोच असं नाही. फाइल सेव्ह होताना दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या जातात. एक म्हणजे फाइलचं नाव, आकार आणि ती कुठल्या जागेत आहे याची नोंद. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. कॉम्प्युटर मजकूर काही क्षण आपल्या मेमरीत धरून ठेवतो आणि मग पेन ड्राइव्हवर उतरवतो. नोंद झाली, पण मजकूर उतरायच्या आत ड्राइव्ह निघाला, तर आकार बरोबर दिसतो आणि आत नुसती शून्यं असू शकतात. अशा फाइलमधून प्रबंध काढून देणं जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला शक्य नाही, कारण तो तिथे लिहिलाच गेलेला नसतो.

हे ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती अशी. बिघडलेली फाइल आधी लॅपटॉपवर कॉपी करा. त्या कॉपीवर राइट क्लिक करून झिप बनवा. विंडोज 11 मध्ये Compress to ZIP file किंवा Compress to खाली ZIP File असा पर्याय दिसतो, विंडोज 10 मध्ये Send to खाली Compressed (zipped) folder. वर्डची डीओसीएक्स फाइल ही मुळातच एक झिप असते, म्हणजे आधीच दाबून बसवलेली. त्यामुळे चांगली फाइल पुन्हा झिप केली तर तिचा आकार जेमतेमच घटतो. शून्यांनी भरलेली फाइल मात्र हजारपटीने आक्रसते. या मुलीची 6.2 एमबीची फाइल झिप केल्यावर 7 केबीची सुद्धा राहिली नाही. तिथेच कळलं की या फाइलवर खर्च करण्यात अर्थ नाही.

खात्री करायची असेल तर फाइल असलेल्या फोल्डरमध्ये पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड लिहायची खिडकी, उघडून फाइलची सुरुवात बघा:

```
Format-Hex .\thesis.docx | Select-Object -First 5
```

चांगली डीओसीएक्स `50 4B 03 04` ने सुरू होते आणि उजव्या बाजूला PK ही अक्षरं दिसतात. हिच्या फाइलमध्ये पाचही ओळींत `00` शिवाय काही नव्हतं. सुरुवात PK ने होत असेल तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ.

आता दुकानात काय झालं ते. तपासणीचे 500 रुपये आधी घेतले. तासाभराने व्हॉट्सॲपवर दोन स्क्रीनशॉट आले: प्रबंधाचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका. ‘डेटा दिसतोय, 4000 भरा, रात्री फाइल देतो.’ तिने भरले. रात्री मिळालेली फाइल खरंच उघडली, तळाशी 164 पानंही दिसली. पहिली काही पानं बरोबर होती, मग चौकोन आणि चिन्हांचा कचरा, आणि मधूनच तेच ते परिच्छेद पुन्हा पुन्हा. ‘डॅमेज जास्त आहे, पुढचं काम मोठ्या सॉफ्टवेअरने करावं लागेल, अजून 5000.’ तेव्हा ती थांबली.

स्क्रीनशॉटमधला मजकूर आला कुठून? त्याच पेन ड्राइव्हवर तिच्या सिनॉप्सिसची पीडीएफ होती. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका तिथून उचललेली होती. ओळखता आलं ते एका बारीक गोष्टीवरून: सिनॉप्सिसमध्ये सहा प्रकरणं होती, प्रबंधात नंतर सात झाली. ‘रिकव्हर’ झालेल्या अनुक्रमणिकेत सहाच होती. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव आणि विषय दिसला की एवढं बघायचं भान राहत नाही, आणि त्या स्क्रीनशॉटचा धंदा त्याच्यावरच चालतो. म्हणून नमुना मागायचा तर मुखपृष्ठाचा मागू नका. मधल्या एखाद्या प्रकरणातला, इतर कुठल्याही फाइलमध्ये नसलेला परिच्छेद मागा.

दुसरा पुरावा फाइलमध्येच होता. वर्डमध्ये File, मग Info उघडलं की उजवीकडे फाइल कधी तयार झाली आणि एकूण किती वेळ तिच्यावर काम झालं ते दिसतं. हिने प्रबंधाची फाइल दोन वर्षांपूर्वी सुरू केली होती. दुकानाने दिलेली फाइल त्याच संध्याकाळी तयार झालेली होती, आणि तिच्यावर 41 मिनिटं काम झालेलं होतं. न्यायाने सांगायचं तर, प्रामाणिक माणूसही सुटलेला मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवून देतो आणि तेव्हाही तारीख नवीच दिसते. पण मग आतला मजकूर तुमचा असतो. तारीख नवी आणि मजकूर कचरा, हे दोन्ही जुळलं की फाइल बनवलेली आहे असं समजा.

खरं नुकसान मात्र साडेचार हजारांपेक्षा मोठं होतं. दुकानाने काहीतरी सॉफ्टवेअर आणि ‘रिकव्हर’ केलेल्या फायली त्याच पेन ड्राइव्हवर टाकल्या होत्या. वर्ड सेव्ह करताना नवी फाइल वेगळ्या तात्पुरत्या नावाने लिहितो, मग नावं बदलतो आणि जुनी आवृत्ती पुसतो. पुसतो म्हणजे फक्त नोंद काढतो. मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो. म्हणजे पेन ड्राइव्हवर थेट काम करणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये मागच्या कित्येक सेव्हच्या पुसलेल्या प्रती असण्याची चांगली शक्यता असते. खरी आशा बिघडलेल्या फाइलमध्ये नसून या पुसलेल्या प्रतींमध्ये असते. आणि ड्राइव्हवर लिहिलेला प्रत्येक एमबी त्यांच्यापैकी कुणाला तरी कायमचा गाडू शकतो. फाइल बिघडल्याचं कळताच पेन ड्राइव्ह बाजूला ठेवायचा आणि त्याच्यावर काहीही सेव्ह करायचं नाही, ते यासाठी. विंडोजने ‘ड्राइव्ह दुरुस्त करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तरी नाहीच म्हणायचं.

या प्रती शोधायला फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम पुरतो. नाव फोटोचं असलं तरी कागदपत्रंही शोधतो, आणि मूळ ड्राइव्हवर काही लिहित नाही. तो लॅपटॉपवर ठेवून चालवायचा, पेन ड्राइव्ह निवडायचा, File Opt मध्ये zip चालू ठेवायचं, कारण डीओसीएक्स त्याच गटात येते. फाइल सिस्टिम विचारल्यावर Other, आणि पुढे Free निवडलं की फक्त पुसलेल्या जागेत शोध होतो. सापडलेल्या फायली ठेवायची जागा लॅपटॉपवरचीच द्यायची. इथे चुकून पेन ड्राइव्ह दिला तर आपणच आपल्या प्रती गाडतो. मूळ नावं परत मिळत नाहीत, recup_dir.1 सारख्या फोल्डरमध्ये आकडे असलेल्या नावांच्या फायली मिळतात. त्या आकारानुसार लावून एकेक उघडायच्या. तुकड्यातुकड्यांत साठवलेली फाइल अर्धवट येते, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

आता सुरुवात PK ने होणाऱ्या फाइलबद्दल. तिथे सहसा शेवट तुटलेला असतो. झिपची विषयसूची फाइलच्या अगदी शेवटी असते, ती गेली की वर्ड सगळी फाइलच नाकारतो. पण वर्डने सेव्ह केलेल्या फाइलमध्ये मुख्य मजकूर, म्हणजे word/document.xml, साधारणपणे सुरुवातीकडे असतो आणि चित्रं मागे. म्हणून मजकूर वाचतो, चित्रं जातात. आधी वर्डच्या Open बटणाशेजारच्या बाणातून Open and Repair करून बघा. नाही जमलं तर मॅक किंवा लिनक्सवर हे चालवा:

```
zip -FF thesis.docx --out thesis_fix.docx
```

पीडीएफचंही असंच. नोटपॅडमध्ये पहिली ओळ %PDF- ने सुरू होत असेल आणि शेवटी %%EOF नसेल, तर डाउनलोड अर्धवट झालं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त; पुन्हा डाउनलोड करा. मूळ जागा उरली नसेल तर qpdf किंवा mutool ही पीडीएफ दुरुस्तीची साधनं आतल्या वस्तू शोधून सूची नव्याने बांधतात. पहिल्या ओळीत html दिसलं तर ती पीडीएफ नव्हेच, पोर्टलने लॉगिनचं पान पाठवलेलं असतं.

साडेचार हजार परत मिळवायला तिने दुकानाचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि Info मधल्या तारखेचा फोटो जपून ठेवला आहे. दुकानात दिलेल्या सेवेबद्दलची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर होते. असाच प्रकार ऑनलाइन झाला असेल, कुणी स्क्रीन शेअर करायला लावून पैसे काढले असतील, तर वेळ न घालवता 1930 ला फोन लावायचा.

फोटोरेकने तिच्या पेन ड्राइव्हमधून चौदा फायली दिल्या. त्यांतल्या नऊ उघडल्या नाहीत, चार फारच जुन्या होत्या. एक मात्र पाच दिवसांपूर्वीची निघाली, 138 पानांची, चित्रांसकट. मग जीमेलमध्ये `has:attachment filename:docx` टाकून शोधलं, तर मार्गदर्शक मॅडमना तीन दिवसांपूर्वी पाठवलेलं सातवं प्रकरण मिळालं. शेवटच्या दोन संध्याकाळी केलेल्या दुरुस्त्या तिने झेरॉक्सवाल्याकडच्या रद्द प्रिंटमध्ये बघून पुन्हा टाइप केल्या.