"पुस्तकी ज्ञान!" अशी कमेंट आली तर: गप्प बसावं, खोडून काढावं की थोडक्यात उत्तर द्यावं?

समजा तुम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर आहात. लिंक्डइनवर तुम्ही लिहिलंत की स्लॅबला पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट वापरलं असेल तर सातव्या दिवशी पाणी मारणं बंद करू नका, किमान 10 दिवस मारा. खाली एका जुन्या कॉन्ट्रॅक्टरची कमेंट येते: "पुस्तकी ज्ञान. 20 वर्षं 7 दिवसच पाणी मारतोय, एक स्लॅब पडला नाही. काँक्रीटचे टेस्ट क्यूबही पास होतात."

गप्प बसणं सगळ्यात स्वस्त, आणि कमेंट नुसती "काहीही!" एवढीच असती तर तेच योग्य होतं. तिथे उत्तर द्यायला मुद्दाच नसतो. इथे मात्र मुद्दे आहेत आणि ते ऐकायला पटण्यासारखे आहेत. नुकताच साइटवर लागलेला एखादा पोरगा हे वाचतोय. तुमचं मौन त्याला "सरांकडे उत्तर नाही" असंच वाटणार. म्हणून या कमेंटपुरतं मी गप्प बसणं बाद करतो.

मुद्देसूद खोडून काढण्याचा मोह मोठा असतो, कारण तुम्ही बरोबर असता. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये ओपीसीला, म्हणजे साध्या सिमेंटला, किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, सांगितलंय. मिश्र सिमेंटला ते 14 दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारसही आहे. हे सगळं कलमासकट चिकटवता येतं. अडचण अशी की असं उत्तर लिहिता लिहिता शेवटी "एकच चूक 20 वर्षं करणं म्हणजे अनुभव नव्हे" असं एखादं वाक्य हमखास सुटतं. मग पुढची सगळी चर्चा त्याच वाक्यावर होते, क्युरिंग राहतं बाजूला. शिवाय लांब कमेंट अर्ध्यावर दुमडून दिसते. उघडून वाचणारे थोडेच.

थोडक्यात उत्तर असं होईल:

"साहेब, ओपीसी असेल तर तुमचे 7 दिवस बरोबर आहेत, कोडही तेच सांगतो. पीपीसीला किमान 10 सांगितलेत, कारण फ्लाय अ‍ॅशची प्रक्रिया हळू चालते आणि तेवढे दिवस तिला ओल लागते. क्यूब लॅबच्या टाकीत पाण्यात असतात, त्यामुळे साइटवर पाणी कमी पडलं तरी ते पास होऊ शकतात. तुमच्याकडे सध्या कुठलं सिमेंट येतं?"

पहिलं वाक्य गोड बोलण्यासाठी नाही. त्यांचं जेवढं खरं आहे तेवढं ते नेमकं मान्य करतं, आणि वाद "7 की 10" वरून "कुठलं सिमेंट" वर येतो. क्यूबचं वाक्य या उत्तरातलं सगळ्यात वजनदार, कारण तो त्यांचाच पुरावा आहे आणि तो प्रत्यक्ष स्लॅबच्या क्युरिंगबद्दल काही सांगतच नाही. "एक स्लॅब पडला नाही" हे मी मुद्दाम सोडलंय. क्युरिंग कमी पडलं म्हणून स्लॅब सहसा पडत नाही. वरचा थर भुरभुरतो, बारीक तडे जातात, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सच्छिद्र राहून काही वर्षांनी सळईला गंज धरतो. हे चार ओळींत कोंबलं तर वाद वाटेल. त्यासाठी वेगळी पोस्ट लिहावी. शेवटचा प्रश्न मात्र उत्तर ऐकायची तयारी असेल तरच विचारा. ते "ओपीसी" म्हणाले तर वाद तिथेच संपला, दोघंही बरोबर.

एक तपासून घ्या. पोस्टमध्ये नुसतं "10 दिवस" लिहून पीपीसीचा उल्लेख राहिला असेल, तर कमेंट अर्धी बरोबर आहे. आधी पोस्ट दुरुस्त करा आणि तसं उत्तरात सांगा, न सांगता दुरुस्त केलीत तर नंतर वाचणाऱ्याला कॉन्ट्रॅक्टर उगाच भांडतोय असं दिसेल आणि कॉन्ट्रॅक्टर ते सोडणार नाही.

खाजगी मेसेज मी दोनच वेळा निवडेन: उत्तर देताना क्लायंटची माहिती उघड होणार असेल तर, किंवा लिहिणारे तुमचे जुने सीनियर असतील तर. तेव्हाही तांत्रिक मुद्द्याची एक ओळ कमेंटमध्ये हवीच. कमेंट डिलीट करणं शिवीगाळीसाठी ठेवा. मतभेद डिलीट केला की स्क्रीनशॉट फिरतो.

पुन्हा उत्तर द्यायचं का, हे ते काय लिहितात त्यावर. "तुम्ही एसीत बसून सांगा" असं आलं तर पुढे लिहू नका. पण "10 दिवस पाणी मारायला माणूस कुठून आणू?" असं आलं, तर ती खरी अडचण आहे आणि तिला उत्तर आहे: स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. मग दिवसभर पाइप धरून कुणी उभं राहायला लागत नाही, आळ्यांतलं पाणी आटलं की भरायचं आणि गोणपाट सुकू द्यायचं नाही, एवढंच.